नेहमीच्या ग्राहकांसाठी अर्ध्या मिनिटाचा शुभेच्छा व्हिडिओ: माझा अनुभव

माझं कपड्यांचं दुकान आहे. यंदा सणाला तयार चित्रं पुढे ढकलण्याऐवजी स्वतः बोलून शुभेच्छा द्यायच्या ठरवल्या, त्याही फक्त नेहमीच्या ग्राहकांना. ही माणसं मला ओळखतात, त्यामुळे दुकानाचं नाव, पत्ता, 'आमच्याकडे सर्व प्रकारचे कपडे मिळतील' हे सगळं आधीच गळून पडलं.

सगळ्यात जास्त विचार ऑफरवर गेला. सवलत जाहीर करायची नाही हे लवकरच पक्कं केलं. सवलतीचा आकडा आला की व्हिडिओची जाहिरात होते, आणि आठवडाभर आधी पूर्ण पैसे देऊन गेलेल्या ग्राहकाला ते लागतं. तो तर आपलाच माणूस. म्हणून नवीन काही घ्यायला लावणार नाही अशी गोष्ट शोधली: आमच्याकडून पूर्वी घेतलेला कपडा घट्ट किंवा सैल झाला असेल, तर फिटिंग फुकट. आमच्या टेलरकाकांना आधी विचारलं. सणाच्या तोंडावर त्यांच्याकडे कामाचा ढीग असतो, त्यामुळे कपडे सणाच्या आठ दिवस आधीपर्यंतच घ्यायचे ठरले. ती मुदत व्हिडिओत बोलून सांगणं भाग होतं, कारण असे व्हिडिओ पुढे पाठवले जातात आणि कोणी तरी ऐन सणाच्या आदल्या दिवशी पँट घेऊन उभं राहतं.

मग लिहायला बसलो. शांतपणे बोललं तर सेकंदाला साधारण 2 शब्द होतात. अर्धा मिनिट म्हणजे साठ-सत्तर शब्द, त्यात आभार, ऑफर आणि शुभेच्छा बसवायच्या. 'सर्व ग्राहकांना' असं न म्हणता समोर एकच माणूस उभा आहे असं धरून लिहिलं. आभार मानताना 'तुमच्या सहकार्याबद्दल' हे कोणीही कोणालाही म्हणतं, म्हणून काउंटरवर खरोखर घडतं तेच घेतलं. शेवटी ठरलेला मजकूर असा:

'नमस्कार. दुकान उघडण्याआधी तुमच्याशी थोडं बोलायचं होतं. वर्षभर तुम्ही येत राहिलात. मुलं वाढली तशी त्यांची नवी मापं आमच्या वहीत लिहायला लावलीत, एखादा रंग नाही आवडला तर तेही मोकळेपणानं सांगितलंत. मनापासून आभार. आमच्याकडचा एखादा जुना कपडा घट्ट-सैल झाला असेल, तर सणाच्या आठ दिवस आधीपर्यंत आणून द्या, फिटिंग आमच्याकडून. तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना सणाच्या खूप खूप शुभेच्छा.'

ऑफर मधे आहे, शेवटी नाही. शेवटचं वाक्यच ऐकणाऱ्याच्या कानात राहतं. तिथे ऑफर ठेवली, तर आधीचे आभार तिच्यासाठीच मानल्यासारखे वाटतात. मी एक पारख केली: ऑफरचं वाक्य झाकून बाकीचं वाचलं. तेवढंही पाठवण्यासारखं वाटलं, तेव्हाच मजकूर पक्का केला. 'लवकर या', 'संधी सोडू नका' असलं काही ठेवलं नाही. मोठ्यानं वाचताना जिथे जीभ अडखळली ते शब्द बदलले, कारण कागदावरचं मराठी तोंडात बसतंच असं नाही.

रेकॉर्डिंग सकाळी दुकान उघडायच्या आधी केलं. फोन उभा, डोळ्यांच्या उंचीला, कपड्यांच्या गठ्ठ्यावर टेकवून. तोंड दरवाजाकडे, म्हणजे उजेड समोरून येतो. दरवाजा पाठीशी असला की चेहरा काळा पडतो. पंखा बंद केला, कारण त्याची घरघर आपल्या कानाला जाणवत नाही, पण माइक ती पकडतो. पाठांतर केलं नाही. तीन मुद्दे लक्षात ठेवले आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या स्वतःकडे न बघता कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघितलं. स्क्रीनकडे पाहिलं की नजर खाली जाते आणि वाचून दाखवल्यासारखं दिसतं. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मुदत खाली अक्षरांत टाकली.

पाठवण्यासाठी व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट घेतली. ग्रुप केला नाही, कारण ग्रुपमध्ये एकाचा नंबर दुसऱ्याला दिसतो. ब्रॉडकास्टमध्ये प्रत्येकाला वेगळा निरोप जातो, फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, मला तेवढे पुरले. नंबर सेव्ह नसलेल्या पण वर्षानुवर्षं येणाऱ्या काही जणांना एकेक करून पाठवला.

उत्तरं आली ती बहुतेक शुभेच्छांची. एका मावशींनी लिहिलं, 'माझ्या नातवाचं माप परत घ्यावं लागणार.' प्रत्येकाला नाव घेऊन उत्तर दिलं. मुदत संपल्यावर आलेल्यांना टेलरकाकांनी सणानंतरची तारीख दिली.