उलटं मोजण्याबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

"अजून तीन महिने आहेत की. सरळ पहिल्या प्रकरणापासून लिहायला घ्यायचं सोडून तुम्ही शेवटच्या तारखेपासून उलट्या तारखा का मांडत बसता?"

प्रत्येक नव्या टीममध्ये कोणीतरी हे विचारतंच, आणि मी दर वेळी घाईत अर्धवट काहीतरी सांगते. आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

ते तीन महिने लिहिण्यासाठी नसतात हो. आत्ताचाच रिपोर्ट घ्या. आज १ एप्रिल, द्यायची तारीख ३० जून, आणि ती हलणार नाही. अपलोड अडकणं, एखादी सही राहणं यासाठी तीन दिवस सोडले की आपली खरी तारीख २७ जून. छपाई, बाइंडिंग आणि सह्या २४ ते २६. त्याआधी शेवटचं वाचन, अनुक्रमणिका, तक्त्यांचे नंबर, "पाहा तक्ता ४" म्हटलंय तिथे खरंच तक्ता ४ आहे का हे बघणं, म्हणजे २० ते २३. परीक्षकांच्या शेऱ्यांवर काम करायला दहा दिवस, १० ते १९ जून. परीक्षकांकडे मसुदा दोन आठवडे, २७ मे ते ९ जून. त्याआधी सगळी प्रकरणं एकत्र करून एका हातानं लिहिल्यासारखी करायला आठ दिवस, १९ ते २६ मे. म्हणजे पाचही प्रकरणं १८ मेपर्यंत लिहून झालेली हवीत. जूनचा आख्खा महिना गेला, मेचा अर्धा गेला, आणि अजून एक ओळ लिहिलेली नाही.

पुढे बघा. प्रकरणाला एक आठवडा धरला तर पाच आठवडे, म्हणजे लिहायला सुरुवात १४ एप्रिलला. त्याआधी आकडे तपासून तक्ते करायला तीन आठवडे, म्हणजे ते काम २४ मार्चला सुरू व्हायला हवं होतं. आज १ एप्रिल. आपण आठ दिवस मागे आहोत, आणि तुम्ही म्हणताय तीन महिने आहेत!

हे आज कळलं म्हणून काहीतरी करता येतं. पार्श्वभूमी आणि पद्धत या दोन प्रकरणांना तक्ते लागतच नाहीत, तर एकानं आजपासून २१ एप्रिलपर्यंत आकडे साफ करायचे आणि दुसऱ्यानं त्याच वेळात ही दोन प्रकरणं लिहायची. उरलेली तीन २२ एप्रिल ते १२ मे. हवी होती १८ मेला, म्हणजे आठ दिवस मागे होतो ते सहा दिवस पुढे आलो. पण माणसं दोन असतील तरच, हेही सांगते. एकटाच असेल तर ही दोन कामं कागदावर समांतर दिसतात, प्रत्यक्षात एकामागून एकच होतात, आणि मग एखादं प्रकरण कमी करायचं का हे आजच विचारावं लागतं, मेमध्ये नाही.

यातल्या दोन तारखांवर मी इतकी अडून का बसते, ते आता सांगते. आकडे गोठवायची तारीख, म्हणजे त्यानंतर डेटाच्या फाइलला कोणीही हात लावायचा नाही ती, आणि परीक्षकांचे दोन आठवडे. तुम्हाला वाटतं मी उगाच ताठ वागते. आधीच्या एका कामात मी हीच मांडणी दिली होती. वरिष्ठांनी बघितली आणि म्हणाले, परीक्षकांना दोन आठवडे कशाला, चार दिवस द्या, उरलेले आपल्याला लिहायला होतील. आणि आकडे गोठवायची तारीख तर मांडणीतून काढूनच टाकली, कारण म्हणे नवीन माहिती आली तर घ्यायला नको का. घ्यायला हवी, मान्य. पण मग ती घेत गेलो, आणि फाइल बदलत गेली. दुसऱ्या प्रकरणाचे तक्ते जुन्या फाइलवरून झालेले, चौथ्याचे नव्या. परीक्षक भला माणूस, चार दिवसांत सगळं वाचणं शक्य नव्हतं तरी त्यानं वाचलं, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेल आला की दोन तक्त्यांमधल्या एकूण बेरजा जुळत नाहीत, यातली कुठली खरी?

एक बेरीज बदलायची म्हणजे किती ठिकाणी, हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. तक्त्यात बदला, त्यावरून काढलेल्या टक्केवाऱ्या बदला, त्या टक्केवाऱ्यांवर लिहिलेली वाक्यं बदला, कारण "निम्म्याहून जास्त" लिहिलेलं आता निम्म्याहून कमी झालंय, मग आलेखात, मग निष्कर्षात, मग सारांशात. आम्ही रात्रभर बसून बदलत होतो. एक जण आकडा शोधून बदलत होता, दुसरी वाक्यं वाचत होती, पण सारांशात तोच आकडा अंकांत नाही तर अक्षरांत लिहिला होता, तो शोधात सापडलाच नाही. रिपोर्ट तसाच गेला. सारांशात एक संख्या, आत दुसरी. आणि ज्यांच्यासाठी तो लिहिला होता त्यांनी बैठकीत पहिलाच प्रश्न त्यावर विचारला, मग उरलेल्या कुठल्याच आकड्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. त्यातले बहुतेक आकडे बरोबर होते. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं, आणि रागही येतो, कारण त्या चार दिवसांनी आमचे लिहायचे दिवस वाढलेच नव्हते, वाढलेले दिवस बेरजा बदलण्यातच गेले.

म्हणून टप्पा म्हणजे दुसऱ्याला तपासता येईल अशी गोष्टच मी लिहिते. "तिसरं प्रकरण ८० टक्के झालं" हे कोणाला तपासता येतं? "तिसऱ्या प्रकरणाचे सगळे तक्ते गोठवलेल्या फाइलवरून भरले आणि प्रकरण दुसऱ्यानं वाचायला घेतलं", हे झालं की नाही ते कळतं.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. प्रकरणाला आठवडा हा आकडा आला कुठून? अंदाजच तो. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांचा १९९४ चा एक अभ्यास आहे, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की किती दिवसांत संपेल. सरासरी उत्तर साधारण ३४ दिवस, लागले ५५ च्या वर, आणि सगळं वाईटात वाईट झालं तर किती, याचं उत्तरही ४९ च्या आसपासच होतं. म्हणजे घाबरून केलेला अंदाजसुद्धा कमीच पडला. उलटं मोजल्यानं अंदाज सुधारत नाही, हे मी मान्य करते. म्हणून मी मागच्या रिपोर्टच्या फाइलींच्या तारखा काढून बघते, प्रकरण सुरू कधी झालं आणि खरंच संपलं कधी.

आणि दुसरं, उलटं मोजून येते ती शेवटची तारीख, "याच्यानंतर चालणार नाही" अशी. लोक तीच सुरुवातीची तारीख समजतात, मग सहा दिवस जास्तीचे असूनही पहिल्याच आजारपणात सगळं कोसळतं. पूर्वी मी प्रत्येक टप्प्यावर दोन-दोन दिवस जास्त धरायचे आणि तेच बरोबर असं भांडायचे. ते दिवस प्रत्येक टप्प्यावर आपोआप वापरले जायचे, कोणाच्या लक्षातही यायचं नाही. आता सगळे एकत्र करून परीक्षकांकडे मसुदा जाण्याच्या आधी ठेवते. तर ते उघड दिसतात, आणि उघड दिसलेले दिवस वरून कोणीतरी मागतं. आधीची मी म्हणायची लपवून ठेव, आत्ताची मी म्हणते दाखव आणि भांड. या रिपोर्टात सहा दिवस दाखवलेत. ते मागितले गेले तर परीक्षकांच्या दोन आठवड्यांतून मी एकही दिवस देणार नाही, त्याऐवजी पाचवं प्रकरण लहान करू, एवढं आत्ताच ठरवून टाका माझ्याबरोबर.