लग्नाच्या निमंत्रणाचा व्हिडिओ: बाबांचा आवाज आणि मिनिटभराचा मजकूर

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि छापील पत्रिकेबरोबर व्हॉट्सॲपवर पाठवायला व्हिडिओही हवा, असं घरात ठरलं. फोटो आणि संगीत व्हिडिओवाला बघणार होता. त्याने आमच्याकडे एकच मागितलं: बोलायचा मजकूर. ते काम माझ्याकडे आलं. खरी नावं इथे देत नाही. आम्ही अमुककर, मुलाकडचे तमुककर, इतकं पुरे.

थोरल्या काकांनी लगेच पत्रिकेचा मजकूर पुढे केला. म्हणाले, "लिहायचं काय त्यात? हेच वाचायचं." बाबांनी मोठ्याने वाचून दाखवलं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून सुरुवात, मग चि. सौ. कां., मग पणजोबांपासूनची नावं, तिथी, मुहूर्त. दोन मिनिटं होत आली तरी लग्न कुठे आहे हे आलंच नव्हतं. पत्रिका डोळ्यांसाठी असते. तारीख विसरली तर माणूस पुन्हा वर बघतो. कानावरून गेलेली गोष्ट मात्र गेलीच. म्हणून पत्रिका बाजूला ठेवली आणि बाबा अक्कलकोटच्या आत्याला फोनवर कसं सांगतील, तसं लिहायला घेतलं.

आधी हिशेब केला. बाबांच्या संथ बोलण्याने मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द होतात. सुरुवातीला देवाचा फोटो आणि शेवटी माहितीची पाटी, तिथे बोलणं नको, नुसतं संगीत. बोलणं मिनिटभराचं, म्हणजे हातात शंभरच्या आसपास शब्द. त्यात बसवायचं काय, तर कोणाचं लग्न, कधी, कुठे, आणि 'या'. बाकीचं सगळं पाटीवर.

नावांवरून थोडं वाजलं. काकांचं म्हणणं, सगळ्या चुलत्यांची नावं आली पाहिजेत. माझं म्हणणं, एवढी नावं ऐकताना लोक व्हिडिओ पुढे सरकवतात आणि नेमकी तारीख हुकते. शेवटी पत्रिकेत सगळ्यांची नावं, व्हिडिओत दोन्ही घराण्यांची फक्त आडनावं, यावर काका राजी झाले. राजी म्हणजे, गप्प बसले.

हाच व्हिडिओ तमुककरांनाही वापरायचा होता. शिवाय मुलाचं घरातलं नाव घ्यायचं की पत्रिकेतलं, हे त्यांच्याकडे ठरत नव्हतं. म्हणून नावांच्या जागा कंसात मोकळ्या ठेवल्या. मात्र सराव करताना तिथे थांबायचं नाही, तेवढ्याच लांबीचं कुठलंही नाव घ्यायचं, नाहीतर वेळेचा अंदाज चुकतो. आणि नावाचं वाक्य एका दमात, आधी-नंतर जरा थांबून म्हणायचं, म्हणजे उद्या नाव बदललं तर तेवढंच वाक्य नव्याने रेकॉर्ड करून जोडता येतं.

शेवटी कायम झालेला मजकूर हा:

"नमस्कार! मी अमुककर, मुलीचा बाबा बोलतोय.

कुलस्वामिनी तुळजाभवानी आणि ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या कृपेने आमच्या (मुलीचं नाव)चं लग्न ठरलंय, तमुककरांच्या (मुलाचं नाव)शी.

लग्न रविवारी आहे, दहा मे. अक्षता दुपारी बारा पस्तीसला. पण आपलं सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा अकराच्या आतच या. आधी थंडगार ताक, मग अक्षता, मग पोटभर जेवण.

हळद आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी सहाला, त्याच कार्यालयात.

कार्यालय होटगी रोडला, आसरा चौकाजवळ. बाहेरगावच्या मंडळींची राहायची सोय केलीय, फक्त कधी पोचताय तेवढं कळवा.

आहेर काही आणू नका, घरातल्या सगळ्यांना घेऊन या. अमुककर आणि तमुककर, आम्ही सगळे दारात उभे असू. येताय ना?"

यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो वेळेच्या वाक्यावर. नुसता मुहूर्त सांगितला की लोक मुहूर्तालाच निघतात, आणि मे महिन्यात भर दुपारी गाडी लावायला जागा शोधत फिरतात. 'लवकर या' म्हणूनही काही होत नाही. अकरा हा आकडा आणि ऊन हे कारण, दोन्ही एकत्र सांगितल्यावर ते वाक्य घरातल्या सगळ्यांना पटलं. ताकाची भर आईची. वारही मुद्दाम तारखेच्या आधी घेतला. ऐकणारा आधी रविवार लक्षात ठेवतो, आकडा नंतर पाटीवर बघतो. हळद आधी असूनही मजकुरात लग्नानंतर ठेवली, कारण पहिला ऐकलेला वार डोक्यात बसतो आणि शनिवार बसला तर पंचाईत.

पत्ता सांगताना प्लॉट नंबर, सोसायटी असलं काही तोंडाने म्हणायचं नाही. गावातल्या माणसाला आसरा चौक म्हटलं की पुरतं. बाहेरगावच्याला तेवढ्याने कळत नाही, पण तो तसाही नकाशा लावूनच येतो.

रेकॉर्डिंग घरीच, मोबाईलवर केलं. पुढच्या खोलीत आवाज घुमत होता. मग आतल्या खोलीत कपाटाच्या दारांवर दोन सोलापुरी चादरी टाकल्या, पंखा बंद केला आणि मोबाईल तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला, वीतभर अंतरावर धरला. समोर धरला की 'पोटभर'मधल्या 'प' आणि 'भ'ला फट्ट असा आवाज येतो. इअरफोन लावून ऐकलं की लगेच कळतं.

अडचण वेगळीच निघाली. कागद हातात आला की बाबा बातम्या द्यायला लागायचे. 'येताय ना' इतकं कडक यायचं की जणू थकबाकीची नोटीस. मग मी कागद काढून घेतला, समोर आत्याचा फोटो ठेवला आणि म्हटलं, "हिला सांगा." बाबा म्हणाले, "हिला काय सांगायचं, ही आठ दिवस आधीच येणार," आणि हसले. त्या हसण्यातच पहिलं वाक्य सुरू केलं, तेच व्हिडिओत आहे. दोन शब्द इकडचे तिकडे झाले, 'ताक'च्या आधी 'अगदी' आलं, ते तसंच ठेवलं. मजकूर शब्दाला शब्द पाहिजे तो फक्त वार, वेळ आणि ठिकाणापुरता.

शेवटच्या पाटीवर दोन्ही आडनावं, वार, तारीख, मुहूर्त, कार्यालयाचं नाव आणि एकच फोन नंबर. व्हिडिओवाल्याने नक्षीदार बारीक अक्षरं लावली होती. त्याच्या संगणकावर ती सुंदर दिसायची. व्हॉट्सॲपवरून गेलेला व्हिडिओ दाबला जातो, त्यात मात्र मात्रा आणि अनुस्वार पुसट झाले. म्हणून पसंती देण्याआधी व्हिडिओ व्हॉट्सॲपवरूनच आईच्या जुन्या मोबाईलवर मागवला आणि चष्म्याशिवाय वाचायला सांगितलं. तिने 'कार्यालयाचं नाव लागत नाही' म्हटल्यावर ठळक, साधी अक्षरं घेतली आणि पाटी दहा सेकंद थांबवली.

नकाशाची लिंक व्हिडिओत घालायचा आग्रह भाऊ करत होता. व्हिडिओतल्या लिंकवर बोट ठेवून काही उघडत नाही, आणि नंबरही तिथून उचलता येत नाही. ती दोन्ही व्हिडिओखालच्या मजकुरात टाकली. नंबर माझाच दिला. पहिला फोन थोरल्या काकांच्या साडूंचा आला. त्यांनी पत्ता विचारला नाही, ताक किती वाजल्यापासून आहे ते विचारलं.