जाहिरातीचे शब्द आणि हातचं काम

‘जाहिरातीत मागितलेलं सगळं माझ्या रेझ्युमेत आहे, तरी इंटरव्ह्यूला का बोलावत नाहीत?’

एक उदाहरणच सांगते. वेर्ण्याच्या एका कारखान्यासाठी एचआर जनरलिस्टचे अर्ज चाळत होते. काम तीन प्रकारचं: कायदेशीर पूर्तता, पगार, भरती. पगार कारखान्यातच होतो, बाहेर दिलेला नाही, हेही जाहिरातीत स्पष्ट होतं. एका अर्जात ओळ होती, ‘पीएफ, ईएसआय, प्रोफेशनल टॅक्सची पूर्तता सांभाळली’. बाईंची सगळी नोकरी पणजीतल्या हॉटेलात, आणि गोव्यात प्रोफेशनल टॅक्स नाहीच! हॉटेलची महाराष्ट्रात शाखा असती तर गोष्ट वेगळी, पण तसा उल्लेख नव्हता. ओळ कुठून तरी उचललेली होती. मग तिच्या शेजारच्या पीएफ-ईएसआयवरही विश्वास बसेना.

भरतीत मात्र बाई पक्क्या. हंगामाच्या तोंडावर हाउसकीपिंग आणि किचनची माणसं कशी उभी केली, ते नीट लिहिलं होतं. कारखान्याला फिटर आणि अप्रेंटिस लागतात, पण ते शिकता येतं. म्हणून फोन केला.

खरी चाचणी पगाराची होती. विचारलं, ‘कामगाराचा पगार २०,५०० आहे. जुलैत तो २२,००० झाला. ईएसआयचं काय कराल?’ उत्तर लगेच आलं, ‘मर्यादा २१,०००ची, म्हणजे जुलैपासून बंद.’ इथंच कळतं. ईएसआयचा वर्गणी कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. कालावधी सुरू असताना मर्यादा ओलांडली तरी तो संपेपर्यंत वर्गणी कापायचीच, आणि तीही पूर्ण २२,०००वर: कामगाराचे १६५, मालकाचे ७१५. जुलैत थांबवलं तर थकबाकी आणि व्याज मालकाच्या माथी, आणि मधल्या काळात तो माणूस आजारी पडला की ईएसआय दवाखान्यात वाद. ज्यानं स्वतः चलन भरलंय त्याला हा प्रश्न कधी ना कधी पडलेलाच असतो. बाई हजेरीची शीट एजन्सीला पाठवत आणि तयार पगारपत्रक वाटत. ते कामही कमी नाही, पण त्याला ‘पेरोल हाताळलं’ म्हटलं की पंचाईत होते.

त्यांच्या जागी मी लिहिलं असतं: ‘हजेरी, रजा आणि ओव्हरटाइम तपासून दरमहा एजन्सीला आकडे दिले, आलेलं पगारपत्रक पडताळलं.’ आणि पीएफची ईसीआर फाइल खरंच स्वतः पोर्टलवर चढवत असाल, तर किती माणसांची आणि १५ तारखेच्या आत जायची का, तेही लिहा. या दोन ओळी वाचून निदान मला कळतं, कोणता भाग शिकवावा लागेल आणि तेवढा वेळ त्या कारखान्याकडे आहे का. वेर्ण्याकडे नव्हता. त्याच बाईंना, पगार बाहेर दिलेल्या ठिकाणी मी बिनधास्त सुचवलं असतं.