कळा नव्हत्या, क्रायसिस होता

रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून काम, पाणी पिणं जवळपास नाहीच. आज सातव्या महिन्यातली, सिकलसेल आजाराची एसएस पेशंट कंबर आणि मांड्या ठणकतात म्हणून आली. सासूबाई म्हणाल्या, "कळाच आहेत." पोटावर हात ठेवून बसले, पोट मऊच राहिलं. म्हणजे कळा नव्हत्या, क्रायसिस होता: वाकड्या रक्तपेशी रक्तवाहिन्यांत अडकून उठणारं दुखणं.

क्रायसिस कमी करणारं औषध हायड्रॉक्सीयुरिया गरोदरपणात सहसा बंद ठेवतात, त्यामुळे क्रायसिसचा धोका वाढतो. सलाईन लावलं, डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं. या महिन्यांत ब्रुफेन देत नाहीत, बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी आकसू शकते.

संध्याकाळी ताप, छातीत दुखणं, ऑक्सिजन ९७ वरून ९२. फुफ्फुसातल्या क्रायसिसची हीच खूण, तिला साधा खोकला समजून चालत नाही. ऑक्सिजन लावून लगेच जिल्ह्याला पाठवलं. नवऱ्याला बजावलं, "पोचल्याबरोबर सिकलसेलचं कार्ड दाखवा."