पंख्याविना हीट सिंक: पात्यांमधली फट किती ठेवायची? (नोंद ३)

मागच्या नोंदीत भिंतीवर उभा लावलेला रास्पबेरी पाय ४ दाखवला होता. घरचा सर्व्हर आहे, दिवसरात्र चालतो आणि झोपायच्या खोलीत आहे, त्यामुळे पंखा लावायचाच नाही हे आधीच ठरलं होतं. त्यावर बाजारातून आणलेलं दाट पात्यांचं हीट सिंक बसवलं. ६० मिमी रुंद, ५० मिमी उंच, १ मिमी जाडीच्या २० पात्या आणि दोन पात्यांमध्ये जेमतेम २ मिमी फट. पृष्ठफळ भरपूर दिसत होतं. तरीही `stress-ng --cpu 4` लावलं की `vcgencmd measure_temp` थोड्याच वेळात ८० अंशांवर जायचं आणि `vcgencmd measure_clock arm` मधला चिपच्या वेगाचा आकडा उतरू लागायचा.

नक्की काय होतंय ते उदबत्तीने दाखवलं. पेटती उदबत्ती हीट सिंकच्या खालच्या कडेपाशी धरली तर धुराची रेघ सरळ वर यायची, पात्यांच्या तोंडाशी अडखळायची आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून निघून जायची. आत धूर शिरतच नव्हता. म्हणजे इतकं पृष्ठफळ असूनही हवा बाहेरूनच फिरत होती.

कारण असं. गरम पातीला लागलेली हवा तापून वर सरकते, आणि जसजशी वर जाते तसतसा तिचा गरम थर जाड होत जातो. समोरासमोरच्या दोन पात्यांचे हे थर फार लवकर एकमेकांना भिडले की मधली हवा पात्यांइतकीच तापते आणि घर्षणामुळे तिला वर सरकणंही जड जातं. पंखा असता तर त्याने हवा ढकलून आत घातली असती. इथे ढकलणारं फक्त तापमानातल्या फरकाचं हलकंसं बळ आहे. उलट फट फार मोठी ठेवली तर मधली थंड हवा पातीला न शिवताच निघून जाते आणि कमी पात्या मावतात. या दोहोंच्या मधे कुठेतरी योग्य फट असते.

उभ्या समांतर पट्ट्यांवर एलेनबास यांनी १९४२ मध्ये काम केलं होतं. त्याच वाटेने बार-कोहेन आणि रोझेनॉव यांनी १९८४ मध्ये सर्वोत्तम फटीचं सोपं सूत्र दिलं. मी तेच वापरलं. खोलीतली हवा ३५ अंश आणि हीट सिंक त्याहून २५ अंश गरम, असं धरून:

```
L, dT, T = 0.050, 25, 320.5
nu, alpha, k = 1.79e-5, 2.54e-5, 0.0277
Ra = 9.81/T * dT * L**3 / (nu*alpha)
S = 2.714 * L / Ra**0.25
h = 1.307 * k / S
print(S*1000, h)
```

उत्तर आलं साधारण ६.३ मिमी, आणि `h`, म्हणजे पातीकडून हवेला उष्णता किती सहज जाते ते सांगणारा गुणांक, सुमारे ५.७. यातला `L` म्हणजे पातीची उभी लांबी, हवा ज्या दिशेने वर जाते ती. फट या लांबीच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ५० ऐवजी १०० मिमी उंच हीट सिंक केलं तरी फट फक्त साडेसात मिमीपर्यंत जाईल. तापमानाचा अंदाज थोडा चुकला तरी उत्तर फारसं हलत नाही.

मग त्याच ६० मिमी रुंदीत वेगवेगळ्या संख्येने पात्या बसवून कागदावर हिशोब केला. पातीची जाडी १.५ मिमी, पुढे आलेली उंची २५ मिमी. फक्त फटींमधल्या भिंतींतून जाणारी उष्णता पाहिली तर ७ पात्यांना २.५ वॅट, ८ पात्यांना २.७, ९ पात्यांना २.६ येते. जवळजवळ सपाट पठार. पण ११ पात्या घातल्या, म्हणजे फट ४.३ मिमी झाली, की आकडा १.८ वर घसरतो. माझ्या जुन्या २ मिमी फटीला हे गणित अर्धा वॅटसुद्धा देत नाही. प्रत्यक्षात पात्यांच्या पुढच्या उघड्या बाजूनेही थोडी हवा आत येते, म्हणून खरी स्थिती इतकी वाईट नसते, पण उदबत्तीने दाखवलं ते याच्याशी जुळतं. चुकायचंच असेल तर फट मोठी ठेवून चुकावं, असं माझं मत झालं आहे. धूळ बसून फट कमी होतेच, वाढत कधीच नाही. मी ८ पात्या घेतल्या, फट ६.८६ मिमी.

जाडीबाबत मात्र माझी समजूत पार उलटी होती. जाड पाती म्हणजे टोकापर्यंत चांगली उष्णता, असं मला वाटायचं. पण अभिसरण इतकं मंद असतं की ॲल्युमिनियमला उष्णता टोकापर्यंत नेण्यात काहीच अडचण येत नाही. १.५ मिमी जाड, २५ मिमी उंच पातीची कार्यक्षमता ९९ टक्क्यांवर येते, आणि अर्धा मिमी पत्र्याचीही सुमारे ९७.५ टक्के. उलट त्याच ८ पात्या ३ मिमी जाडीच्या केल्या तर फट ५.१ मिमीवर येते आणि २.७ वॅटचे १.८ होतात. म्हणून जाडी ठरवताना पत्रा हाताळताना वाकणार नाही आणि खाचेत घट्ट बसेल, एवढंच पाहायचं. पाती तळापासून १०० मिमी पुढे आलेली असती तर हे पुन्हा तपासावं लागलं असतं.

बनवताना तळाच्या ६ मिमी जाड पट्टीत २ मिमी खोल खाचा पाडल्या. शेजारच्या गाळ्यातल्या काकांनी मिलिंग मशीनवर १.६ मिमीच्या चकतीने त्या काढून दिल्या. "पोरा, पत्रा आधी सपाट कर, मग बसव," एवढंच म्हणाले, आणि तेच महत्त्वाचं ठरलं. २७ मिमी रुंदीच्या पात्या थर्मल इपॉक्सी लावून बसवल्या, म्हणजे २५ मिमी बाहेर राहिल्या. चिपवर १५ मिमी चौरस, १० मिमी उंच ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि त्याखाली अर्धा मिमी थर्मल पॅड. ठोकळ्यामुळे हीट सिंक आजूबाजूच्या पिना आणि सॉकेटच्या वर उचललं जातं.

चाचणी ३३ अंशांच्या खोलीत घेतली. एकूण वजन ९० ग्रॅमच्या आसपास असल्याने तापमान स्थिरावायला वेळ लागतो. पहिल्या दहा मिनिटांचा आकडा फसवा असतो, म्हणून प्रत्येक वेळी ४० मिनिटं थांबलो. चकचकीत ॲल्युमिनियम असताना तळाची पट्टी ६३ अंश, चिप ७२. मग काळ्या मॅट रंगाचा एकच पातळ फवारा मारला आणि पुन्हा लावलं: पट्टी ५७, चिप ६६. सहा अंश नुसत्या रंगाने. नैसर्गिक अभिसरणात प्रारणाचा वाटा इतका मोठा असतो. माझ्या हिशोबात चिपकडून येणारे साडेचार वॅट धरले होते, त्यातला साधारण एक चतुर्थांश भाग काळ्या पृष्ठभागाच्या प्रारणाने जातो. प्रारणासाठी मात्र हीट सिंकचा बाहेरून दिसणारा आकारच मोजायचा. आतल्या भिंती एकमेकींनाच पाहत असतात.

एक चाचणी मुद्दाम उलटी घेतली. बोर्ड ९० अंशांत फिरवून पात्या आडव्या केल्या. चिप ७७ वर गेली. धूर पुन्हा पहिल्यासारखा वळसा घालू लागला.

आता उदबत्तीचा धूर सातही फटींत शिरतो आणि वरून सात वेगळ्या रेघांनी बाहेर पडतो. पुढची अडचण पेटीची आहे. झाकण लावलं की आतली हवाच तापते, म्हणून तळाला आणि माथ्याला किती मोठी भोकं हवीत ते मोजतोय. सध्या पेटीच्या तळापासून हीट सिंकपर्यंत ३० मिमी मोकळं ठेवलं आहे.