स्क्रिप्ट सतत बदलणाऱ्या क्लायंटला लिहिलेली ई-मेल: माझा अनुभव

नाशिक परिसरात ठिबक सिंचनाचे फिल्टर बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी मी तीन मिनिटांचा मराठी व्हिडिओ करत होते. विषय नेमका होता. शेतकऱ्याने डिस्क फिल्टर उघडून, चकत्या सैल करून, धुऊन पुन्हा कसा बसवायचा, आणि धुण्याची वेळ झाली आहे हे फिल्टरच्या आधीच्या व नंतरच्या दाबमापकांवरून कसे ओळखायचे, एवढेच दाखवायचे होते. कोटेशन ८५,००० रुपयांचे होते. त्यात स्क्रिप्ट, एका दिवसाचे शूटिंग, निवेदकाचे रेकॉर्डिंग आणि एडिटिंग धरले होते. स्क्रिप्टमध्ये दुरुस्तीच्या दोन फेऱ्या आणि एडिटिंगनंतर एक फेरी, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. निम्मी रक्कम आगाऊ मिळाली होती.

माझी पहिली स्क्रिप्ट ३३० शब्दांची होती. निवेदन ऐकताना शेतकऱ्याची धांदल होऊ नये म्हणून मी मिनिटाला साधारण १२० शब्द धरते, आणि ज्या ठिकाणी हातांचे काम पडद्यावर दिसते तिथे निवेदकाने थांबायचे असते, म्हणून तीन मिनिटांना ३६० ऐवजी ३३० शब्द. हा हिशेब मी क्लायंटला सुरुवातीलाच सांगितला होता. पुढच्या सगळ्या बोलण्यात तोच सर्वांत उपयोगी पडला, कारण ‘स्क्रिप्ट लांबली’ हे कोणालाही मत वाटू शकते, पण शब्दसंख्या दोघांनाही सारखीच दिसते.

ठरलेल्या दोन फेऱ्या झाल्या, तरी बदल थांबले नाहीत. सकाळी मालकांचा व्हॉइस मेसेज यायचा, दुपारी मार्केटिंग पाहणाऱ्या त्यांच्या कन्येची ई-मेल यायची आणि रात्री तांत्रिक विभागातील इंजिनिअर व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवायचे. सुरुवात शेतकऱ्याच्या बांधावर होती, ती कारखान्याच्या स्थापनेकडे गेली, मग पुन्हा बांधावर आली. नंतर सँड फिल्टरचे बॅकवॉशिंग आणि वितरकांसाठीची योजनाही त्यात आली. पाचव्या मसुद्यात शब्द ६१० झाले होते, म्हणजे पाच मिनिटांहून अधिक.

उत्तर लिहिण्याआधी मी आलेले सगळे बदल एका तक्त्यात उतरवले आणि प्रत्येकासमोर तो कोणाचा व कोणत्या प्रकारचा, हे लिहिले. वस्तुस्थितीची चूक सुधारणारे बदल, उदाहरणार्थ झाकणाच्या क्लॅम्पचे नाव, मी कधीच फेरीत मोजत नाही; ते बरोबर असणे ही व्हिडिओचीच गरज आहे. ठरलेल्या विषयातील वाक्यरचना किंवा क्रम बदलणे ही खरी दुरुस्ती, आणि दोन फेऱ्या याच कामासाठी असतात. सँड फिल्टर मात्र दुरुस्तीत बसत नव्हता. त्यासाठी वेगळे उपकरण, वेगळे व्हॉल्व्ह आणि उलट दिशेने वाहणारे पाणी शूट करावे लागणार होते, म्हणजे ती कामाची व्याप्तीच वाढत होती. या तक्त्यातून आणखी एक गोष्ट समोर आली. पुढे जाऊन परत मागे फिरलेले बदल जवळजवळ सगळे व्हिडिओच्या सुरुवातीविषयी होते, आणि ते दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडून आले होते. मंजूर झालेला मजकूर जेव्हा पुन्हा जुन्या रूपात परत येतो, तेव्हा क्लायंटच्या बाजूला निर्णय घेणारे एकापेक्षा जास्त असतात आणि त्यांचे आपसात बोलणे झालेले नसते. अशा वेळी फेऱ्यांची मर्यादा कितीही ठामपणे सांगितली तरी प्रश्न सुटत नाही. एकच व्यक्ती नेमून द्यावी, ही विनंती मर्यादेइतकीच आवश्यक असते.

ई-मेलच्या पहिल्या मसुद्यातील काही वाक्ये मी काढून टाकली. ‘आपण वारंवार बदल सुचवत आहात’ हे वाक्य खरे होते, पण वाचणारा त्याला उत्तर देण्यातच गुंततो आणि निर्णय बाजूला राहतो. ‘शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास मंजुरी गृहीत धरली जाईल’ हेही काढले. गृहीत धरलेल्या मंजुरीवर रेकॉर्डिंग केले आणि नंतर क्लायंटने नाही म्हटले, तर निवेदकाचे पैसे गेलेले असतात आणि वाद उरतो. उत्तराला जितका उशीर, तितकी पुढची तारीख सरकेल, एवढे सांगणे पुरेसे होते. मागच्या जादा फेऱ्यांचे पैसे मागायचे नाहीत, हेही ठरवले. त्या माझ्याकडून होऊन गेल्या होत्या, आणि मागचे मागितले असते तर पुढची सीमा आखण्याविषयी बोलणेच झाले नसते. शेवटी मी पाठवले ते असे:

‘आदरणीय साहेब, सप्रेम नमस्कार.

काल आपण पाठवलेले बदल मिळाले व मी ते वाचले आहेत. पुढचे काम सुरू करण्यापूर्वी सध्याची स्थिती आपल्यासमोर मांडते, म्हणजे आपल्याला निर्णय घेणे सोयीचे होईल.

आपल्या कोटेशनमध्ये डिस्क फिल्टरच्या स्वच्छतेचा तीन मिनिटांचा व्हिडिओ आणि स्क्रिप्टच्या दोन फेऱ्या ठरल्या आहेत. सध्याची स्क्रिप्ट ६१० शब्दांची असून ती पाच मिनिटांपेक्षा लांब होते. दोन्ही फेऱ्या पूर्ण झाल्या आहेत. त्यानंतरच्या बदलांची वेगळी आकारणी मी करत नाही.

येथून पुढे आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला: व्हिडिओ डिस्क फिल्टरपुरताच ठेवावा, कारखान्याची ओळख एका वाक्यात यावी आणि वितरकांची योजना वेगळ्या पत्रकात द्यावी. हे काम मूळ रकमेत होईल आणि त्यासाठी मी शेवटची एक फेरी माझ्याकडून देते. दुसरा: सँड फिल्टरचाही समावेश हवा असल्यास त्याचा दीड मिनिटाचा स्वतंत्र व्हिडिओ करावा, त्याचे २२,००० रुपये व जीएसटी वेगळा. माझी शिफारस अशी की पहिला मार्ग आत्ता स्वीकारावा आणि सँड फिल्टरचा व्हिडिओ त्यापाठोपाठ वेगळा करावा, कारण शेतकरी फिल्टरजवळ उभा राहून मोबाइलवर हा व्हिडिओ पाहणार आहे आणि त्याला स्वतःच्याच फिल्टरची माहिती हवी असेल.

एक फेरी म्हणजे आपल्याकडील सर्वांचे बदल एकत्र करून एकाच फाइलमध्ये एकदा पाठवणे, असे आपण धरू या. त्यासाठी कृपया आपल्यापैकी एका व्यक्तीचे नाव कळवावे; मी त्यांच्याच सूचना अंतिम मानेन. त्यापुढील प्रत्येक जादा फेरीचे ३,५०० रुपये होतील. रेकॉर्डिंगनंतर मजकूर बदलल्यास निवेदकाचे पुन्हा रेकॉर्डिंग करण्याचे शुल्क त्यात मिळवावे लागेल. माझ्याकडून झालेली चूक केव्हाही विनाशुल्क दुरुस्त होईल.

शुक्रवारी सायंकाळपर्यंत ई-मेलवर निर्णय कळवल्यास पुढील आठवड्यातील शूटिंगची तारीख तशीच राहील. उत्तरास जितके दिवस लागतील तितके दिवस ती पुढे जाईल. फोनवर बोलायचे असल्यास मी उद्या दुपारी उपलब्ध आहे.

आपली नम्र,’

सोबत तो बदलांचा तक्ता जोडला, पण त्यातील ‘बदल कोणाचा’ हा स्तंभ काढून. माझ्यासाठी तो उपयोगाचा होता. मालकांसमोर ठेवला असता तर त्यांच्या घरात आणि कार्यालयात एकमेकांकडे बोट दाखवले गेले असते, आणि मला ते नको होते. हे सगळे व्हॉट्सॲपवर न पाठवता ई-मेलवर पाठवले, आणि व्हॉट्सॲपवर फक्त ‘साहेब, ई-मेल पाठवली आहे, सवडीने पाहावी’ एवढे कळवले.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे आता एक शब्दही बदलायचा नाही का ताई?” मी म्हटले, “बदला की साहेब, फक्त सगळ्यांचे एकदाच आणि एकाच फाइलमध्ये येऊ द्या.” मग ते सँड फिल्टर त्याच रकमेत बसवण्याविषयी बोलले. ते मला शक्य नव्हते, पण दोन्ही फिल्टर एकाच शेतावर, एकाच दिवशी शूट करता आले तर कॅमेरामनचा दुसरा अर्धा दिवस आणि गाडीभाडे वाचणार होते. म्हणून दुसऱ्या व्हिडिओची रक्कम मी १७,००० केली आणि कमी का केली, हे त्यांना सांगितले. दर कमी करताना त्याबरोबर कामही कमी व्हावे, हा माझा नियम आहे, नाहीतर पुढच्या वेळी मूळ दरच खोटा वाटतो. फोन ठेवल्यावर जे ठरले ते चार ओळींत ई-मेलवर लिहून पाठवले आणि त्यावर ‘मान्य’ एवढे उत्तर मागितले. ते संध्याकाळी आले.

निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून त्यांच्या कन्येचे नाव कळवले गेले. त्यांनी सर्वांचे बदल एकत्र केलेली फाइल पाठवली, तेव्हा सुरुवातीविषयीच्या दोन परस्परविरोधी सूचना त्यातही शेजारीशेजारी होत्या. त्यांतील एक मी स्वतः निवडली असती तर काम लवकर पुढे गेले असते, पण दुसरी सूचना देणाऱ्याने एडिटिंगनंतर तीच पुन्हा काढली असती. म्हणून त्या दोन ओळी रंगवून फाइल परत पाठवली आणि यांपैकी कोणती ठेवायची एवढेच विचारले. ही वेगळी फेरी मोजणार नाही, असेही लिहिले. त्यांनी वडिलांशी बोलून बांधावरची सुरुवात कायम केली. स्क्रिप्ट ३४० शब्दांवर आली, आणि ‘अंतिम’ असे लिहून त्यांच्याकडून ती परत मागवूनच मी निवेदकाची वेळ घेतली.

रेकॉर्डिंगनंतर एक बदल आलाच. दोन दाबमापकांतील किती फरकाला फिल्टर धुवायचा, याचा इंजिनिअरनीच दिलेला आकडा त्यांना बदलायचा होता. चुकीचा आकडा शेतकऱ्यापर्यंत जाऊ देणे योग्य नव्हते, त्यामुळे बदल करायचा की नाही, हा प्रश्नच नव्हता. मात्र वेगळ्या दिवशी रेकॉर्ड केलेला एकच शब्द मधे जोडला तर आवाजाची पट्टी आणि माइकपासूनचे अंतर जुळत नाही, जोड कानाला कळतो. म्हणून तो पूर्ण परिच्छेद पुन्हा घ्यावा लागला. मी आधी खर्च कळवला, ‘मान्य’ आल्यावर निवेदकाला बोलावले, आणि अंतिम बिलात ती फेरी व निवेदकाचे शुल्क दोन वेगळ्या ओळींत दाखवले. बिल कोणतीही विचारणा न होता मंजूर झाले.