तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्ट 22 वरचे डांबर

"स्कॅनरचे पॅकेट फायरवॉलमध्ये ड्रॉप केले की काम संपते. मग पोर्ट 22 वर तुम्ही त्यांना लटकवून का ठेवता? त्यांचा वेळ खरेच वाया जातो का?"

काहींचा जातो, काहींचा अजिबात जात नाही, आणि एका जातीच्या बॉटचा तर ड्रॉप केल्यानेच अधिक जातो. समोर कोणते सॉफ्टवेअर आहे यावर सगळे ठरते. पोर्ट 22 हा दुरून सर्व्हरवर काम करण्यासाठीच्या एसएसएचचा नेहमीचा पोर्ट, म्हणून स्कॅनर तेथे येतात.

आधी ड्रॉपबद्दल लिहितो, कारण त्याची किंमत कमी लेखली जाते. जोडणी मागणारे पहिले पॅकेट, म्हणजे SYN, तुम्ही निमूटपणे टाकून दिले, तर समोरचा नेहमीचा लिनक्स प्रोग्राम ते पुन्हा पाठवतो: एक सेकंदाने, मग दोन, चार, आठ अशा दुपटीने वाढणाऱ्या अंतराने, एकूण सहा वेळा. प्रोग्रामने स्वतःचा टाइमआउट लावला नसेल, तर कर्नल हार मानेपर्यंत 127 सेकंद जातात. नव्या कर्नलमध्ये ही अंतरे थोडी बदलली आहेत, पण मुद्दा तोच राहतो: तुमच्या बाजूने एकही बाइट न पाठवता समोरचा मिनिट-दोन मिनिटे वाट पाहतो.

अडचण अशी आहे की इंटरनेटभर फिरणारे मोठे स्कॅनर अशी वाट पाहतच नाहीत. 2013 मध्ये मिशिगन विद्यापीठातून आलेला झीमॅप किंवा त्याच धर्तीवरचा मासस्कॅन ही साधने SYN पाठवून ते विसरून जातात. कोणाला काय पाठवले याची नोंद ती ठेवत नाहीत; उत्तर आलेच तर ते आपल्याच पॅकेटचे आहे हे क्रमांकावरून ओळखतात. अशा स्कॅनरला ड्रॉपने एका पॅकेटपलीकडे काही गमवावे लागत नाही, आणि टारपिटने, म्हणजे जोडणी स्वीकारून लटकवत ठेवण्याच्या युक्तीनेही नाही. टारपिटने उत्तर दिले तर तो फक्त एवढेच टिपून घेतो की या पत्त्यावर 22 उघडे आहे, आणि ती यादी दुसऱ्या टप्प्याच्या बॉटकडे जाते. पासवर्ड लावून पाहणारा हा दुसरा बॉट मात्र खरी जोडणी करतो, तिची नोंद ठेवतो आणि उत्तराची वाट पाहतो. डांबरात पाय अडकतो तो त्याचा. म्हणजे ड्रॉप केले तर दुसरा टप्पा बहुधा तुमच्यापर्यंत येतच नाही. टारपिट लावले तर तुम्ही त्याला बोलावून घेता आणि मग अडकवता.

डांबराचा शब्द माझा नाही. 2001 मध्ये कोड रेड नावाचा वर्म पसरला तेव्हा टॉम लिस्टन यांनी लाब्रेआ हे साधन लिहिले आणि लॉस एंजेलिसमधल्या डांबराच्या खड्ड्यांवरून त्याचे नाव ठेवले. ते जाळ्यातल्या न वापरलेल्या पत्त्यांच्या नावाने उत्तर देई, जोडणी स्वीकारी आणि मग "आता माझ्याकडे जागा नाही, थांबा" असे सांगे. टीसीपीच्या नियमांप्रमाणे समोरच्याला थांबावेच लागे. प्रत्येक बाधित यंत्रावरच्या त्या वर्मकडे मोजकेच थ्रेड होते आणि प्रत्येक थ्रेड एका जोडणीवर अडून बसत असे, म्हणून ती युक्ती तेव्हा फार परिणामकारक होती. आजचा बॉट एकाच वेळी हजारो जोडण्या सांभाळतो, त्यातली एक अडकली तर त्याची थोडी मेमरी आणि एक जागा तेवढी अडते. टारपिटने स्कॅनर "थांबतो" असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा हा फरक मला बोलून दाखवावासा वाटतो.

मी वापरतो ते साधन `endlessh`. ख्रिस वेलन्स यांनी ते 2019 मध्ये प्रसिद्ध केले. त्याची युक्ती टीसीपीत नसून एसएसएचच्या नियमांत आहे. आरएफसी 4253 प्रमाणे सर्व्हरने आपली ओळख सांगणारी `SSH-` ने सुरू होणारी ओळ पाठवण्याआधी इतर मजकुराच्या ओळी पाठवल्या तरी चालतात, आणि क्लायंटने त्या निमूट वाचायच्या असतात. `endlessh` खरी ओळ कधीच पाठवत नाही. दर दहा सेकंदांनी एक निरर्थक ओळ पाठवत राहतो, आणि क्लायंटला वाटते की सर्व्हर जिवंत आहे, फक्त प्रस्तावना लांबली आहे.

आता ही प्रस्तावना कोण किती वेळ ऐकतो ते पाहा. ओपनएसएसएचचा `ssh` क्लायंट अशा 1024 ओळी सहन करतो. दहा सेकंदांना एक या दराने हे 10,240 सेकंद होतात, म्हणजे जवळपास दोन तास पन्नास मिनिटे. गो भाषेतल्या एसएसएच लायब्ररीत नेहमीचा टाइमआउट फक्त जोडणी होईपर्यंत लागू असतो, त्यानंतर ती वाट पाहत बसते. पण तिने वेगळी मर्यादा घातली आहे, ती अशी की ओळखीची ओळ येईपर्यंतचा सगळा मजकूर मिळून 255 बाइटच्या पुढे जाता कामा नये. पायथनमधल्या पॅरामिकोची मर्यादा आणखी वेगळी आहे: पहिल्या ओळीसाठी 15 सेकंद, आणि त्यानंतरच्या प्रत्येक ओळीसाठी फक्त 2.

या तीन मर्यादा शेजारी ठेवल्या की सेटिंग कसे करावे ते आपोआप दिसू लागते. `endlessh` मध्ये मूळ सेटिंगप्रमाणे ओळ 3 ते 32 बाइटची असते, सरासरी साडेसतरा. गो भाषेत लिहिलेल्या बॉटचे 255 बाइट साधारण पंधरा ओळींत, म्हणजे अडीच मिनिटांत भरतात आणि तो निघून जातो. ओळ तीन बाइटची केली, म्हणजे एक अक्षर आणि ओळ संपल्याची दोन चिन्हे, तर त्याच 255 बाइटना 85 ओळी लागतात आणि तो चौदा मिनिटे बसतो. कमी बाइट पाठवून अधिक वेळ अडकवता येतो, आणि हे पहिल्यांदा ध्यानात आले तेव्हा मला फार समाधान वाटले होते.

पॅरामिकोचे गणित उलट आहे. पहिली ओळ दहाव्या सेकंदाला मिळते, दुसरी विसाव्याला येणार असते, पण तो बाराव्या सेकंदालाच कंटाळून जातो. ड्रॉप केले असते तर हाच बॉट, त्याच्या लेखकाने वेगळा टाइमआउट दिला नसेल तर, 127 सेकंद थांबला असता. त्याला धरून ठेवायचे तर अंतर दीड सेकंदावर आणावे लागते. मग तो शंभर ओळी, म्हणजे अडीच मिनिटे ऐकतो, पण गोचा बॉट चौदा मिनिटांवरून दोन मिनिटांवर येतो आणि ओपनएसएसएच पावणेतीन तासांवरून पंचवीस मिनिटांवर. एकाच अंतरात दोघांना खूश ठेवता येत नाही, किंवा खरे तर नाखूश. मी दहा सेकंद कायम ठेवले आहेत, कारण थोड्यांना खूप वेळ धरणे मला सगळ्यांना थोडा वेळ धरण्यापेक्षा बरे वाटते.

```
Port 22
Delay 10000
MaxLineLength 3
MaxClients 512
LogLevel 1
```

लॉग वाचताना एक चूक बहुतेकांची होते, माझीही झाली होती. जोडणी संपली की अशी ओळ दिसते (सुरुवातीची तारीख-वेळ येथे वगळली आहे):

```
CLOSE host=203.0.113.45 port=51822 fd=7 time=30.031 bytes=6
```

तीस सेकंद अडकला असे वाटते. प्रत्यक्षात हा पॅरामिकोच्या वर्तणुकीचा बॉट बाराव्या सेकंदाला गेलेला असतो. `endlessh` समोरून काही आले का ते पाहत नाही, फक्त लिहीत राहतो. विसाव्या सेकंदाला लिहिलेली ओळ कर्नल घेऊन ठेवतो, समोरून जोडणी मोडल्याचे पॅकेट परत येते, आणि तिसाव्या सेकंदाला पुन्हा लिहायला गेल्यावर चूक कळते. सहा बाइट, म्हणजे दोन ओळी, ही खूण पाहिली की मी त्या नोंदीतले अठरा सेकंद मनातल्या मनात वजा करतो. "आमच्या टारपिटने बॉटचे इतके तास वाया घालवले" अशी बेरीज कोणी दाखवली, तर त्यात हे धरले आहे का ते विचारून घ्यावे.

आपला खर्च मोजायला सोपा आहे. तीन बाइटच्या ओळीला टीसीपी आणि आयपीची 52 बाइटची शीर्षके लागतात, म्हणजे दहा सेकंदांना 55 बाइट. शंभर बॉट महिनाभर सतत लटकलेले धरले, तरी बाहेर जाणारा डेटा सुमारे 1.4 जीबी होतो. भाड्याच्या छोट्या सर्व्हरलाही हे जड नाही.

जड पडते ते मधल्या उपकरणाला, आणि याची झळ मी सोसली आहे. काही वर्षांपूर्वी एका छोट्या कार्यालयात मी उत्साहाच्या भरात आतल्या एका यंत्रावर सगळ्या बंद पोर्टांसाठी आयपीटेबल्सचे `TARPIT` लावले आणि पुढच्या राउटरवरून ते पोर्ट त्या यंत्राकडे वळवले. हे लाब्रेआच्या पद्धतीचे, कर्नलमधले टारपिट आहे: जोडणी स्वीकारते, जागा शून्य असल्याचे सांगते आणि त्यानंतर स्वतःहून काहीच पाठवत नाही. त्यामुळे ज्या यंत्रावर ते चालते त्याला ते स्वस्त पडते. पण मधला लिनक्स राउटर प्रत्येक जोडणीची नोंद ठेवत होता, आणि न बोलता नाहीशा झालेल्या क्लायंटची पक्की झालेली जोडणी तो नेहमीच्या सेटिंगप्रमाणे 4,32,000 सेकंद, म्हणजे पूर्ण पाच दिवस जपून ठेवतो. चौथ्या दिवशी सकाळी लोक म्हणू लागले, "नेट गेलंय." ज्यांची जुनी जोडणी चालू होती त्यांचे काम चालत होते, नवे पान मात्र कोणाचेही उघडत नव्हते, आणि हे विचित्र लक्षणच निदानाला पुरे होते. राउटरवर `dmesg` मध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती:

```
nf_conntrack: table full, dropping packet
```

`/proc/sys/net/netfilter/nf_conntrack_count` मधला आकडा शेजारच्या `nf_conntrack_max` ला जाऊन टेकला होता. दुसऱ्यांचा वेळ वाया घालवण्याच्या नादात मी आपल्याच माणसांची सकाळ वाया घालवली होती. तेव्हापासून दोन गोष्टी कटाक्षाने पाळतो. टारपिट फक्त थेट सार्वजनिक पत्ता असलेल्या यंत्रावर लावतो, आणि कर्नलमधले `TARPIT` वापरायचेच झाले तर त्या पोर्टाची नोंद आधी बंद करतो:

```
iptables -t raw -A PREROUTING -p tcp --dport 23 -j CT --notrack
iptables -A INPUT -p tcp --dport 23 -j TARPIT
```

आपली माणसेही या डांबरात पडतात. सवयीने पोर्ट न देता `ssh` लिहिणाऱ्या सहकाऱ्याला काळा पडदा दिसतो, त्रुटीचा संदेशही येत नाही. `ssh -v` चालवून `banner line 0`, `banner line 1` असे आकडे वाढताना दिसले, की तो खड्ड्यात आहे हे समजावे. देखरेखीचे स्वयंचलित काम पोर्ट 22 तपासत असेल तर ते "चालू आहे" असेच सांगत राहते, ते आधीच बदलून घ्यावे.

सध्या माझ्या सर्व्हरवर खरा एसएसएच दुसऱ्या पोर्टवर आहे, त्यात पासवर्डने प्रवेश बंद आहे, फक्त चावीने मिळतो, आणि सुरक्षितता आहे ती तेवढ्यानेच आहे. 22 वर `endlessh` बसलेला आहे, कारण तेथे येणाऱ्यांमध्ये खरी जोडणी करून वाट पाहणारे पुष्कळ असतात आणि त्यांना धरून ठेवणे मला मनापासून पटते. बाकी सगळे पोर्ट ड्रॉप आहेत, कारण तेथे उत्तर देऊन मी फक्त कोणाच्या तरी यादीत जाईन.